दहा हजार एमएएचची पॉवर बँक: लिस्टिंग लिहिण्याआधीच्या नोंदी

५ मे

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. आज सकाळी बेल्याकडचा एक गिऱ्हाईक डबी काउंटरवर आपटून म्हणाला, "भाऊ, माहा मोबाइल पाच हजारचा हाय, हे पॉवर बँक दहा हजारची हाय, मंग दोन डाव तरी चार्ज व्हाले पायजे न?" हिशेब चौथीतल्या पोरालाही पटेल असा आहे. म्हणूनच तर तो प्रत्येक जण करतो आणि प्रत्येक जण चिडतो.

काकांचं म्हणणं, आता ऑनलाइन विक्री सुरू करायची तर हे भांडण लिस्टिंगमध्येच मिटवून टाक. कंपनीचं पत्रक उतरवून काढायचं नाही, माल स्वतः मोजायचा आणि मगच लिहायचं. एक नग या कामासाठी बाजूला काढला आहे.

डबीवर बारीक अक्षरात काय आहे ते आधी उतरवून घेतलं. मोठ्या अक्षरात १०००० एमएएच. त्याखाली ३.७ व्होल्ट, ३७ वॅट-अवर. आणि मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात: रेटेड कॅपॅसिटी ५८०० एमएएच, ५ व्होल्ट ३ अँपिअरवर.

सगळं भांडण या दोन आकड्यांतलं आहे. १०००० हा आकडा आतल्या सेलचा, आणि सेल चालतो सरासरी ३.७ व्होल्टवर. फोनला मात्र यूएसबीतून ५ व्होल्ट लागतात. आतलं सर्किट ३.७ चे ५ करतं, आणि व्होल्ट वाढले की त्याच प्रमाणात एमएएच कमी होतात. ऊर्जा तेवढीच राहते: १०००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॅट-अवर. तेच ३७ भागिले ५ केले की ७.४, म्हणजे ७४०० एमएएच. एक टक्काही वाया गेला नाही तरी बाहेर याच्यावर काही येणार नाही. आणि व्होल्ट वाढवताना सर्किट तापतं, म्हणजे वाया तर जातंच.

तेव्हा १०००० ही थाप नाही. आकडा खरा आहे, पण गिऱ्हाइकाच्या कामाचा नाही. त्याच्या कामाचा आकडा भिंगाखाली गेलाय, राग त्याचा आहे.

६ मे

मोजणीची मांडणी साधी आहे. पॉवर बँक पूर्ण भरायची, तासभर थंड होऊ द्यायची. तिच्या तोंडाला यूएसबी टेस्टर, टेस्टरच्या पुढे लोड. टेस्टर म्हणजे अंगठ्याएवढी पट्टी, तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, एमएएच आणि वॅट-अवर चारही दिसतात. लोड म्हणजे छोटा पंखा लावलेला बोर्ड, नॉब फिरवून किती करंट ओढायचा ते ठरवता येतं. फोन लावून मोजणी नीट होत नाही, कारण फोन आपल्या मर्जीने करंट कमी-जास्त करतो.

पहिली फेरी ५ व्होल्ट, २ अँपिअरवर. पॉवर बँक तीन तासांच्या थोडं पुढे चालली आणि मग दिवे विझले. टेस्टरवर ६१९० एमएएच, ३१.४ वॅट-अवर.

३७ मधून ३१.४ बाहेर आले म्हणजे सुमारे ८५ टक्के. चांगल्या सर्किटचं हे साधारण काम आहे. कंपनीने छापलेले ५८०० हे ३ अँपिअरवरचे आहेत, तिथे नासाडी जास्त, म्हणून आकडाही कमी. आमची मोजणी त्याच्या थोडी वर आली, म्हणजे माल छापल्याप्रमाणे आहे.

मोजताना केबल आखूड आणि जाड घ्यायची, हे लिहून ठेवतो. काउंटरखाली पडलेल्या बारीक केबलवर त्याच २ अँपिअरला पुढच्या टोकाला व्होल्ट ४.६ च्या खाली घसरले. बँकेतून जेवढं निघतं तेवढंच निघतं, पण रस्त्यातच गळतं. "चार्जिंग हळू होतंय" म्हणून परत आलेल्या निम्म्या तरी पॉवर बँका चांगल्या असतात, दोष केबलचा असतो, असं माझं ठाम मत आहे.

७ मे

आज दोन फेऱ्या. १ अँपिअरवर ३२.६ वॅट-अवर मिळाले. हळू काढलं तर थोडं जास्त मिळतं, यात नवल नाही.

मजा आली फास्ट चार्जिंगच्या फेरीत. फास्ट चार्जिंगचा फोन ५ ऐवजी ९ व्होल्ट मागतो, तसेच टेस्टरच्या ट्रिगरने मागितले आणि २ अँपिअर ओढले. पावणेदोन तासांच्या आतच बँक रिकामी. आमचा पोऱ्या टेस्टर बघून ओरडला, "दादा, ३३७० एमएएचच दाखवते! नकली हाय का बे हे?"

नकली नाही. त्याच वेळी वॅट-अवरच्या रकान्यात ३०.२ होते. व्होल्ट ९ झाले म्हणून एमएएच खाली गेले. म्हणजे एकाच नगाचे तीन एमएएच झाले: आत १००००, ५ व्होल्टवर ६१९०, ९ व्होल्टवर ३३७०. वॅट-अवर बघितले तर ३७, ३१.४, ३०.२. ज्या मापात वस्तू तशीच राहूनही आकडा तिसऱ्या हिश्श्यावर येतो, त्या मापाने गिऱ्हाइकाला काय समजवायचं?

म्हणून ठरवलं: लिस्टिंगमध्ये १०००० एमएएच राहील, कारण शोधणारा तेच टाकून शोधतो. पण लगेच खाली वॅट-अवर द्यायचे, आणि त्याच्याही आधी "फोन किती वेळा" हे द्यायचं. काका म्हणाले, वॅट-अवर कोणाले समजते? मी म्हटलं, वीजबिलातलं युनिट समजतं तर हेही समजेल. एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर, ही पॉवर बँक भरायला एका युनिटचा विसावा भागही लागत नाही.

९ मे

खऱ्या फोनवर मोजणी. फोन काकांचाच, ५००० एमएएचचा. फोनच्या बॅटरीचे व्होल्ट ३.८७ आहेत, म्हणजे तिच्यात मावतात १९.३५ वॅट-अवर.

फोन १ टक्क्यावर आणला, विमान मोडवर टाकला, स्क्रीन बंद. शंभर होईपर्यंत टेस्टरमधून २२.४ वॅट-अवर गेले. म्हणजे फोनही आपला वाटा खातो: त्याचं स्वतःचं चार्जिंग सर्किट, बॅटरीतली उष्णता. ही दुसरी गळती गिऱ्हाइकाच्या डोक्यात कधीच नसते. पहिली बँकेत ५ व्होल्ट करताना, दुसरी फोनमध्ये ते परत खाली आणताना.

फोन पुन्हा १ टक्क्यावर आणला आणि त्याच बँकेला लावला. ३७ टक्क्यांवर बँक संपली.

तर बेल्याच्या भाऊंना द्यायचं उत्तर: दोन वेळा नाही, एकदा पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. हे फोन विमान मोडवर असताना. चार्जिंगला लावून कोणी रील बघत बसला, किंवा रेल्वेत रेंज शोधत फोन तापत राहिला, तर सव्वा वेळाही धरायला नको. लिस्टिंगमध्ये "सव्वा ते दीड" लिहायचा मोह होतो, पण दीड आम्हाला एकदाही मिळालेलं नाही. "सुमारे सव्वा वेळा" लिहीन. जास्त मिळालं तर कोणी भांडायला येत नाही.

१० मे

आता बँक स्वतः भरायला किती वेळ. डबीवर "फास्ट चार्ज इन अँड आउट" एवढंच आहे, तासांचा पत्ता नाही. वेळ बँकेवर कमी आणि अडॅप्टरवर जास्त अवलंबून असतो, आणि डबीत अडॅप्टर येत नाही.

१८ वॅटच्या अडॅप्टरवर (९ व्होल्ट, २ अँपिअर) तीन तास पाच मिनिटं. १० वॅटच्या साध्या अडॅप्टरवर (५ व्होल्ट, २ अँपिअर) पाच तास दहा मिनिटं. घरोघरी ड्रॉवरमध्ये पडलेला जुना १ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर नऊ तासांच्याही वर.

१० वॅटच्या फेरीत आत गेले ४२.६ वॅट-अवर, आणि त्यातून परवा बाहेर आले होते ३१.४. जवळजवळ चौथा हिस्सा जाता-येताच गेला.

आणखी एक गोष्ट वेळ लावून बघण्यासारखी. १८ वॅटवर पहिल्या दोन तासांत चारपैकी तीन दिवे लागून चौथा लुकलुकायला लागला होता. शेवटचा दिवा स्थिर व्हायला पुढे तासभर लागला. हा बिघाड नाही. सेल ४.२ व्होल्टला पोचला की चार्जर व्होल्ट तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी करत नेतो. काठोकाठ भरताना माणूसही नळ बारीक करतोच. म्हणून "दोन तासांत ८० टक्के" हे वाक्य खरं असू शकतं, आणि त्यावरून "अडीच तासांत १००" असा हिशेब केला तर तो चुकतो. घाईत निघायचं असेल तर तीन दिव्यांवर काढून घेतली तरी काही बिघडत नाही. उलट सेलला ते मानवतंच.

१३ मे

बाहेर ४४. पुण्या-मुंबईच्या लिस्टिंगमध्ये "थंड व कोरड्या जागी ठेवा" एवढं पुरतं. नागपुरात मे महिन्यात थंड जागा म्हणजे कूलरसमोरचे चार फूट.

लिथियम सेलसाठी साधारण मर्यादा अशी: चार्ज करताना ० ते ४५ अंश, वापरताना ६० पर्यंत. हे तापमान सेलचं, हवेचं नाही, आणि चार्ज होताना सेल हवेहून तापलेला असतो. दुपारी मागच्या खोलीत, कूलर बंद ठेवून, ३८ अंशांत १८ वॅटवर चार्जिंगला लावली. तासाभरात वरच्या कवचाला लावलेला थर्मामीटर ४९ दाखवत होता आणि टेस्टरवर आत जाणारी वॅट १७ वरून ९ वर आली होती. आतल्या तापमान सेन्सरने स्वतःच हात आखडता घेतला. सेन्सर नसलेला स्वस्त माल असा थांबत नाही, तो तापतच राहतो.

कूलर चालू केला आणि बँक फरशीवर ठेवली, तेव्हा वीस मिनिटांत वॅट परत वर आली. रात्री हीच फेरी घेतली तर कवच ४१ च्या वर गेलंच नाही. तेव्हा लिस्टिंगमध्ये लिहायचं: उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा सकाळी करा, फरशीवर किंवा टेबलावर ठेवून. गादी, उशी, सोफ्याची फट नको. कापूस उष्णता धरून ठेवतो.

मग थर्मामीटर स्कूटीच्या डिक्कीत टाकून गाडी दुकानासमोर उन्हात लावली. दुपारी दोनला आत ५७. म्हणजे नुसती पडून राहिली तरी बँक वापराच्या मर्यादेला टेकलेली. एका दिवसाने स्फोट होत नाही, पण भरलेली बँक रोज अशा डिक्कीत राहिली तर सेल भराभर म्हातारा होतो आणि त्यात गॅस धरायला लागतो. भरलेला सेल आणि उष्णता हे एकत्र आलं की सगळ्यात वाईट. बंद कारच्या डॅशबोर्डवर तर याहून जास्त तापतं, तिथे मोजायची गरजच वाटली नाही.

१५ मे

एक सप्लायर २०००० एमएएचचा माल घेऊन आला. भाव आमच्या दहा हजारच्या निम्म्याला, कमिशन भरपूर. काकांचे डोळे चमकले. मी म्हटलं, आधी काट्यावर ठेवू.

वजन भरलं २१२ ग्रॅम, कवचासकट. २०००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. आजचे चांगले सेल किलोला साधारण २५० वॅट-अवर धरतात असं उदारपणे मानलं, तरी नुसत्या सेलचं वजन ३०० ग्रॅमच्या जवळ जातं, कवच आणि सर्किट वेगळं. २१२ मध्ये ते बसतच नाही. टेस्टर नसेल तर गिऱ्हाइकानेही हीच खूण धरावी. आमची दहा हजारवाली २२४ ग्रॅमची आहे. तिच्याहून हलकी वस्तू दुप्पट ऊर्जा कुठून आणणार?

तरी मोजली. ५ व्होल्ट, २ अँपिअरवर १४.१ वॅट-अवर निघाले आणि खेळ खल्लास. ८५ टक्के कार्यक्षमता धरून उलटा हिशेब केला तर आत जेमतेम साडेचार हजारचा सेल आहे. इथे मात्र थाप आहे, सरळसरळ. पाच हजारचा फोनही एकदा पूर्ण भरणार नाही. डबीवर रेटेड कॅपॅसिटीची ओळ नव्हती, वॅट-अवरही नव्हते. खरा माल विकणारा हे दोन आकडे बारीक का होईना पण छापतो.

शेवटची तपासणी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची. पॉवर बँकेला भारतात बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. नगावर चिन्हाबरोबर आर ने सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कारखान्याची कोणती वस्तू आहे ते दिसतं. या डबीवर क्रमांक होता, पण ॲपमध्ये तो निघाला कुठल्याशा अडॅप्टरचा. आमच्या दहा हजारच्या नगाचा क्रमांक टाकला तर पॉवर बँक, ब्रँड, सगळं जुळलं. सप्लायर म्हणाला, "भाऊ, सगळे हेच विकतात." चहा पाजून परत पाठवला.

१७ मे

सुरक्षित वापराची ओळ लिहिताना अडचण अशी की पंचवीस सूचना दिल्या तर कोणी एकही वाचत नाही. उष्णतेची लिहून झाली. दुसरी एकच महत्त्वाची वाटते ती फुगण्याची, कारण लोक फुगलेली बँक "चालते न अजून" म्हणत वापरत राहतात.

दुरुस्तीच्या खणात तशी एक पडली होती. डोळ्यांना फरक फार दिसत नव्हता. काउंटरच्या काचेवर ठेवून बोटाने टिचकी मारली तर मध्यावर गरकन फिरली; चांगली सपाट बसते, घासत थांबते. दोन्ही कवचांच्या सांध्यात नखाएवढी फट, आणि नाक जवळ नेलं तर नेलपॉलिशसारखा गोडसर वास. एवढं दिसलं की तिला चार्जिंगला लावायचं नाही, दाबायची नाही, उघडायची नाही, आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. कचरागाडीत दाबली गेली तर तिथे पेट घेऊ शकते. आमच्या दुकानात आणून द्या, असं लिस्टिंगमध्ये लिहायचं ठरलं. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, गोळा झालेल्या बॅटऱ्या आम्ही नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवतो. फुगलेल्या तोवर लोखंडी डब्यात, वाळूत, दुकानाबाहेरच्या सावलीत.

२० मे

लिस्टिंगचा मजकूर पक्का झाला. काकांनी दोन ओळी कापल्या, एक परत घातली. असा:

"१०००० एमएएच पॉवर बँक (३७ वॅट-अवर). ५००० एमएएचचा फोन सुमारे सव्वा वेळा चार्ज होतो. १०००० हा आतल्या सेलचा आकडा आहे. ५ व्होल्टवर बाहेर सुमारे ६००० एमएएच मिळतात, हे आम्ही दुकानात मोजलेलं आहे आणि डबीवरच्या रेटेड कॅपॅसिटीशी जुळतं. भरायला १८ वॅटच्या अडॅप्टरवर सुमारे तीन तास, १० वॅटवर सव्वापाच तास, जुन्या ५ वॅटच्या अडॅप्टरवर रात्रभर. अडॅप्टर सोबत येत नाही. काही फोनचं फास्ट चार्जिंग फक्त त्यांच्या कंपनीच्या चार्जरवर चालतं. असा फोन यावर साध्या वेगाने चार्ज होईल. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी किंवा रात्री, कडक जागेवर ठेवून करा. डिक्कीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर दोन दिव्यांवर ठेवा, तीन महिन्यांनी एकदा भरा. विमानात हँडबॅगेतच न्या, चेक-इन सामानात चालत नाही. फुगली तर वापर बंद करा आणि दुकानात आणून द्या."

काकांनी घातलेली ओळ: "बीआयएस क्रमांक फोटोत आहे, ॲपमध्ये तपासून मगच घ्या."

२३ मे

पहिला परतावा आला, लिस्टिंग लावल्यानंतरचा. धरमपेठेतल्या एका ताईंची तक्रार: कानातले बड्स लावले की बँक अर्ध्या मिनिटात बंद पडते. नग काउंटरवर घेऊन टेस्टर लावला. बड्सची डबी ओढत होती ४० मिलिअँपिअर. इतका कमी करंट दिसला की बँकेला वाटतं फोन काढून घेतला, आणि ती झोपते. नाहीतर रिकामी उभी राहून स्वतःच संपली असती. या मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की हिरवा दिवा लागतो आणि कमी करंटवर दोन तास चालू राहते. ताईंसमोर दाबून दाखवलं, बड्स चार्ज व्हायला लागले, त्या नग घेऊन गेल्या.

लिस्टिंगमध्ये ओळ वाढवली: "बड्स किंवा घड्याळ चार्ज करताना बटण दोनदा दाबा."